पर्याय चार, सीमा दोन

२०१८ सालच्या जेईई मेनच्या गणिताच्या पेपरात एक छोटासा प्रश्न होता. पुढच्या इंटिग्रलची किंमत काढा:

∫ sin²x / (1 + 2^x) dx, सीमा −π/2 पासून π/2 पर्यंत

पर्याय चार: π/8, π/2, 4π आणि π/4. त्या वर्षी नव्वद प्रश्नांना तीन तास होते, म्हणजे सरासरीने एका प्रश्नाला दोन मिनिटं. उत्तर बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक गुण वजा.

बारावीत इंटिग्रेशन शिकलेला विद्यार्थी सवयीने आधी आतलं फलन पाहतो आणि त्याचं इंटिग्रेशन कोणत्या सूत्रात बसतंय ते शोधू लागतो. इथे ते कशातच बसत नाही. वर sin²x आहे, खाली 2^x आहे, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 2^x = t असं घ्यावं तर sin च्या पोटात लॉगरिदम शिरतो. भागशः इंटिग्रेशन करावं तर प्रत्येक पायरीला पसारा वाढतो. दोन मिनिटं कधीच संपतात आणि रफ पानावर खोडाखोडीशिवाय काही उरत नाही.

प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असतं. हे इंटिग्रेशन सुटावं अशी त्याची अपेक्षाच नसते. विद्यार्थ्याने सीमांकडे पाहावं, एवढंच त्याला हवं असतं. −π/2 आणि π/2 हे दोन आकडे शून्याच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर आहेत आणि प्रश्नाची किल्ली तिथेच ठेवलेली आहे.

निश्चित इंटिग्रल म्हणजे मुळात एक क्षेत्रफळ. फलनाचा आलेख काढला, की डावी सीमा आणि उजवी सीमा यांच्यामध्ये वक्र आणि x-अक्ष यांनी वेढलेला जो भाग उरतो, त्याचं क्षेत्रफळ. अक्षाच्या वरचा भाग धन मोजायचा, खालचा ऋण. हे क्षेत्रफळ काढण्याचा एक मार्ग म्हणजे फलनाचं इंटिग्रेशन करून त्यात वरची आणि खालची सीमा घालणं. शाळा-कॉलेजात हा मार्ग इतका घोटून घेतला जातो, की तो एकमेव आहे असं वाटू लागतं. पण जमिनीच्या एखाद्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढताना तो दोन सारख्या भागांत विभागला जातोय का हे माणूस आधी पाहतो, तसं इथेही पाहता येतं.

तर या प्रश्नात काय दिसतं? 1/(1 + 2^x) हा भाग वेगळा काढू आणि त्यात साधे आकडे घालून पाहू. x = 1 घेतलं तर 1/3 मिळतं. x = −1 घेतलं तर 2^(−1) म्हणजे अर्धा, छेद दीड, आणि किंमत 2/3. दोन्हींची बेरीज 1. आता x = 3 घेऊ. किंमत 1/9. x = −3 घेतलं तर छेद 1 + 1/8, म्हणजे 9/8, आणि किंमत 8/9. बेरीज पुन्हा 1. कोणताही x घ्या, त्याची आणि −x ची किंमत मिळवली की एकच येतो. उजव्या बाजूला हा भाग जितका कमी पडतो, तितकंच डाव्या बाजूला भरून निघतं.

राहिला sin²x. वर्गामुळे चिन्ह नाहीसं होतं, त्यामुळे x ला आणि −x ला त्याची किंमत तीच. म्हणून आपल्या फलनाच्या या दोन ठिकाणच्या किमतींची बेरीज sin²x × 1, म्हणजे नुसतं sin²x. छेदातला 2^x निघून गेला. आलेख शून्यापाशी घडी घालून डावी बाजू उजवीकडे आणली आणि दोन्ही उंच्या एकमेकींवर रचल्या, तर तयार होणारा नवा वक्र sin²x चाच असतो. तेव्हा मागितलेलं क्षेत्रफळ म्हणजे 0 ते π/2 मधलं sin²x चं क्षेत्रफळ.

तेही सूत्राशिवाय निघतं. 0 ते π/2 मध्ये x च्या जोडीला π/2 − x घ्या. sin(π/2 − x) म्हणजे cos x, आणि sin²x + cos²x = 1. जोडीची बेरीज नेहमी 1, म्हणजे सरासरी उंची अर्धा. रुंदी π/2. गुणाकार π/4. चौथा पर्याय. या सगळ्यात एकाही फलनाचं इंटिग्रेशन करावं लागलं नाही.

उत्तरपत्रिकेत हेच बीजगणिताच्या भाषेत लिहायचं तर इंटिग्रलला I म्हणायचं आणि x = −t हे सब्स्टिट्यूशन करायचं. इथल्या तीन हालचाली सावकाश पाहण्यासारख्या आहेत. पहिली, dx च्या जागी −dt येतं. दुसरी, सीमा बदलतात: x जेव्हा −π/2 असतो तेव्हा t असतो π/2, आणि x जेव्हा π/2 असतो तेव्हा t असतो −π/2. सीमा उलट्या झाल्या. तिसरी, उलट्या सीमा सरळ करताना एक ऋण चिन्ह बाहेर येतं आणि ते −dt मधल्या ऋण चिन्हाशी कटतं. शेवटी I तोच राहतो, फक्त आतल्या फलनाचं रूप बदलतं. जुनं आणि नवं रूप मिळवलं की 2I = ∫ sin²x dx, सीमा −π/2 ते π/2. त्याची किंमत π/2, म्हणून I = π/4.

आता उरलेले तीन पर्याय पाहावेत, कारण ते कुठून येऊ शकतात ते समजलं की प्रश्नपत्रिका जास्त चांगली वाचता येते. 2I = π/2 इथवर येऊन दोनने भागायचं राहिलं, तर थेट π/2 वर खूण होते. सीमा −π/2 ते π/2 ऐवजी 0 ते π/2 केल्या, पण दुप्पट करायचं विसरलं आणि नंतर मात्र दोनने भागलं, तर π/8 येतं. हे दोन्ही पर्याय गणित येणाऱ्या, पण घाईत असलेल्या मुलासाठी आहेत. 4π मात्र पाहताक्षणी बाद व्हायला हवं. sin²x कधी 1 च्या वर जात नाही, 1/(1 + 2^x) सुद्धा 1 पेक्षा लहान, आणि रुंदी एकूण π. मग क्षेत्रफळ π च्या वर कसं जाईल?

हा अंदाज करायला पाच सेकंद लागतात. फलनाची मोठ्यात मोठी किंमत गुणिले रुंदी ही क्षेत्रफळाची वरची मर्यादा, लहानात लहान किंमत गुणिले रुंदी ही खालची. बहुपर्यायी पेपरात याचा उपयोग लेखी पेपरापेक्षा कितीतरी जास्त आहे, कारण तिथे उत्तर शून्यातून उभं करायचं नसतं, चारांतून निवडायचं असतं. एमएचटी-सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकाला दोन गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तिथे दोन पर्याय बाद झाले तर उरलेल्या दोघांतून एकावर खूण करण्यात तोटा नाही. जेईईत चुकीला एक गुण जातो, तरीही दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर चार गुणांची अर्धी शक्यता एका गुणाच्या अर्ध्या भीतीपेक्षा भारी ठरते.

सीमा शून्याभोवती नसल्या तरी हीच युक्ती चालते. सीमा a आणि b असतील, तर x च्या जोडीला a + b − x घ्यायचं. x डाव्या टोकापासून जितका आत, तितकाच हा उजव्या टोकापासून आत. क्लासमध्ये मुलं याला 'किंग रूल' किंवा 'किंग प्रॉपर्टी' म्हणतात आणि निश्चित इंटिग्रल दिसला की हात तिकडेच जातो. बारावीच्या सरावात नेहमी भेटणारं उदाहरण घेऊ:

∫ √x / (√x + √(7 − x)) dx, सीमा 2 पासून 5 पर्यंत

2 आणि 5 ची बेरीज 7. x च्या जागी 7 − x घातलं की अंशातलं √x बदलून √(7 − x) होतं, आणि छेदातली दोन पदं फक्त जागा बदलतात. जुन्या आणि नव्या फलनाची बेरीज 1, रुंदी 3, म्हणून 2I = 3 आणि I = 3/2.

आता याच प्रश्नात सीमा 2 आणि 6 करा, बाकी सगळं तसंच ठेवा. वरवर पाहता प्रश्न तोच वाटतो आणि 'रुंदीचा अर्धा' म्हणून 2 असं उत्तर लिहायचा मोह होतो. पण 2 + 6 = 8. x च्या जोडीला आता 8 − x येतो आणि √(8 − x) हे पद फलनात कुठेच नाही. जोडी जुळत नाही, म्हणून तो नियम इथे लागू नाही. फलन पाठ करणाऱ्या मुलाची इथे चूक होते. सीमांची बेरीज करून मग फलनात तो आकडा शोधणाऱ्याची होत नाही.

जोडीची बेरीज सगळीकडे एकच येत असेल तर पडताळा घ्यायची फार सोपी सोय आहे. मधला बिंदू हा स्वतःचाच जोडीदार असतो, म्हणून तिथली किंमत त्या बेरजेच्या बरोबर अर्धी असते. वरच्या उदाहरणात मध्य 3.5, तिथे √3.5 / (√3.5 + √3.5), म्हणजे अर्धा. रुंदी 3, उत्तर दीड. मध्यबिंदूवरची किंमत गुणिले रुंदी, इतकं सोपं. मात्र ही सोय बेरीज स्थिर असेल तेव्हाच घ्यायची. जेईईच्या प्रश्नात मध्यबिंदू 0 आहे आणि तिथे sin²0 म्हणजे शून्य. तिथे ही युक्ती लावली तर उत्तर शून्य येतं, जे उघडच चूक आहे, कारण ते फलन 0 सोडून सगळीकडे धन आहे. तिथे जोडीची बेरीज sin²x होती आणि ती x बरोबर बदलत होती.

सब्स्टिट्यूशन आणि ही जोड्यांची रीत एकत्र आली की प्रश्न खरा रंगतो. २०११ च्या एआयईईईमध्ये असाच एक प्रश्न होता:

∫ 8 log(1 + x) / (1 + x²) dx, सीमा 0 पासून 1 पर्यंत

8 काढून टाकला, तर हा इंटिग्रल एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच गणिती सेरे याच्या नावाने ओळखला जातो. तोच, 8 शिवाय, अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या पुटनम स्पर्धेत २००५ साली आला होता. पुटनमला पर्याय नसतात, संपूर्ण सिद्धता लिहावी लागते. आणि गंमत म्हणजे, वेगळ्या कपड्यांत हाच प्रश्न बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात सरावासाठी दिलेला आहे.

0 ते 1 मध्ये जोडीदार 1 − x. तो घातला तर छेदातला 1 + x² बदलून विचित्र होतो आणि काहीच जुळत नाही. सममिती इथे आहे, पण ती लपलेली आहे. 1 + x² पाहिलं की x = tan θ सुचायला हवं, कारण 1 + tan²θ = sec²θ, आणि dx = sec²θ dθ. छेद आणि dx मधला sec²θ एकमेकांशी कटतात. उरतं एवढंच: 8 ∫ log(1 + tan θ) dθ.

आता सीमा. x = 0 असताना θ = 0. x = 1 असताना tan θ = 1, म्हणून θ = π/4. ही ओळ लिहायला जेमतेम दहा सेकंद लागतात, पण अनेकांची गाडी नेमकी इथेच घसरते. चल बदलला, पण सीमा 0 आणि 1 च राहिल्या, तर पुढचं सगळं काम चुकीच्या पट्ट्यावर होतं. विशेष म्हणजे चुकलं हे कळायलाही जागा नसते, कारण सूत्रं सगळी बरोबर असतात. म्हणून सब्स्टिट्यूशन लिहितानाच त्याखाली नव्या सीमा लिहून टाकण्याची शिस्त अनेक शिक्षक लावतात. जुन्या सीमा असलेली ओळ पुढे जाऊच द्यायची नाही.

सीमा 0 आणि π/4 झाल्यावर जोडीदार π/4 − θ. tan च्या वजाबाकीच्या सूत्राने tan(π/4 − θ) म्हणजे (1 − tan θ)/(1 + tan θ). त्यात 1 मिळवला की 2/(1 + tan θ) उरतं. त्याचा लॉग log 2 − log(1 + tan θ). म्हणजे θ ला जी किंमत होती ती आणि तिच्या जोडीदाराची किंमत यांची बेरीज सगळीकडे log 2. बेरीज स्थिर आली! मग सरासरी उंची (log 2)/2, रुंदी π/4, क्षेत्रफळ (π/8) log 2. त्याला 8 ने गुणलं की π log 2.

मध्यबिंदूचा पडताळा इथे फार देखणा उतरतो. 0 आणि π/4 चा मध्य π/8. tan(π/8) ची किंमत √2 − 1 आहे. त्यात 1 मिळवला की √2. आणि log √2 म्हणजे (log 2)/2, हवी होती तीच सरासरी. पेपरच्या पर्यायांत (π/8) log 2 सुद्धा होतं. सगळं गणित अचूक करून शेवटी बाहेरचा 8 विसरणाऱ्याचं उत्तर ते. आकड्यांत पाहिलं तर π log 2 साधारण 2.18, आणि (π/8) log 2 साधारण 0.27. मूळ फलन x = 1 पाशी 2.77 आणि x = 0.5 पाशी 2.6 च्या आसपास असतं, हे एकदा घालून पाहिलं असतं तरी 0.27 हा आकडा डोळ्याला खटकला असता.

सम आणि विषम फलनांचा नियमही याच घराण्यातला. शून्याभोवतीच्या सीमांत x³ किंवा sin x यांसारखं विषम फलन असेल, तर डावीकडचं ऋण क्षेत्रफळ उजवीकडच्या धन क्षेत्रफळाला पुसून टाकतं आणि उत्तर शून्य येतं. एनसीईआरटीच्या त्याच पुस्तकात यावर एक बहुपर्यायी प्रश्न आहे:

∫ (x³ + x cos x + tan⁵x + 1) dx, सीमा −π/2 पासून π/2 पर्यंत

पर्याय 0, 2, π आणि 1. पहिली तिन्ही पदं विषम, म्हणून शून्य. उरला 1, रुंदी π, उत्तर π. हजारो मुलांनी हे सोडवलं असेल आणि परीक्षेत आलं तर π वरच खूण करायची. पण प्रश्न जसा लिहिला आहे तसा तो काटेकोर नाही, आणि हे विद्यार्थ्यांना सांगायला हवं. tan⁵x हे π/2 कडे जाताना अमर्याद वाढतं आणि 0 ते π/2 मधलं त्याचं क्षेत्रफळच अनंत आहे. उजवीकडे अनंत, डावीकडे उणे अनंत. अनंतातून अनंत वजा करून शून्य येतं असं म्हणता येत नाही. सीमा −π/4 आणि π/4 असत्या तर प्रश्न निर्दोष झाला असता आणि उत्तर π/2 आलं असतं.

हाच दोष 1/x मध्ये उघड दिसतो. −1 ते 1 मध्ये 1/x विषम आहे म्हणून उत्तर शून्य, असं लिहिणारे पुष्कळ सापडतात. पण वाटेत x = 0 ला फलन अस्तित्वातच नाही आणि त्याच्या दोन्ही बाजूंची क्षेत्रफळं अनंत आहेत. त्या इंटिग्रलला किंमत नाही. 1/x² च्या बाबतीत तर फसगत आणखी ढळढळीत आहे. त्याचं इंटिग्रेशन −1/x, सीमा घातल्या की −2 येतं. फलन सगळीकडे धन आणि क्षेत्रफळ ऋण! सममितीचा नियम लावण्याआधी मधल्या पट्ट्यात छेद कुठे शून्य होतो का, tan कुठे फुटतं का, हे एकदा पाहायलाच हवं.

सब्स्टिट्यूशनलाही अशीच एक अट आहे, आणि ती पुस्तकात लिहिलेली असूनही नजरेतून सुटते. ∫ x² dx, सीमा −1 ते 1, याची किंमत 2/3 हे कोणीही सांगेल. पण कोणी t = x² घेतलं तर x = −1 ला t = 1 आणि x = 1 लाही t = 1. दोन्ही सीमा एक झाल्या, उत्तर शून्य. चूक कुठे झाली? x −1 पासून 0 कडे येताना t 1 वरून 0 वर उतरतो आणि नंतर पुन्हा 1 वर चढतो. dx लिहिताना x = √t धरलं गेलं, पण डाव्या अर्ध्यात x ऋण आहे, तिथे x = −√t हवं होतं. दोन अर्धे वेगळे करून दोन्हीकडे योग्य चिन्ह घेतलं की 2/3 परत येतं.

परीक्षेत हा सापळा जरा सजून येतो. ∫ dx / (1 + sin²x), सीमा 0 ते π. अंश आणि छेद cos²x ने भागले आणि t = tan x घेतलं की आतलं फलन 1/(1 + 2t²) इतकं सरळ होतं. मग नव्या सीमा लिहायच्या: tan 0 = 0, tan π = 0. उत्तर शून्य! आणि पर्यायांत 0 दिलेला असेल तर आनंदाने खूण होते.

इथे अंदाजाची ती पाच सेकंदं कामी येतात. sin²x 0 आणि 1 मध्ये असतं, म्हणून फलन अर्धा आणि 1 यांच्या मध्ये. रुंदी π. तेव्हा उत्तर π/2 आणि π यांच्या मध्ये, म्हणजे 1.57 आणि 3.14 मध्येच यायला हवं. शून्य शक्यच नाही. मग कारण शोधता येतं: x जेव्हा π/2 ओलांडतो, तेव्हा tan x अनंतावरून थेट उणे अनंतावर उडी मारतं. t ची वाट मधेच तुटली, तरी सीमा लिहिताना फक्त दोन टोकं पाहिली गेली.

उपाय सममितीत आहे. sin(π − x) = sin x, म्हणून फलन π/2 च्या दोन्ही बाजूंना सारखं आहे. 0 ते π/2 इतकंच काढून दुप्पट करायचं. तिथे t 0 पासून अनंतापर्यंत न तुटता जातं, किंमत π/(2√2) येते आणि दुप्पट π/√2, साधारण 2.22. हा आकडा अंदाजाच्या पट्ट्यात बसतो. दुप्पट करायची राहिली तर 1.11 येतं, ते पट्ट्याच्या खाली आहे, म्हणजे तोही पर्याय गणित न करता बाद.

ज्यांना tan x ची ही उडी टाळायची असते ते t = tan(x/2) घेतात. 0 ते π मध्ये x/2 कुठेही π/2 ओलांडत नाही, त्यामुळे तिथे ते निर्धोक आहे. पण सीमा 0 ते 2π असतील तर तीच अडचण x = π पाशी परत उभी राहते. ∫ dx / (2 + cos x), 0 ते 2π, या प्रश्नात t = tan(x/2) ची दोन्ही टोकं शून्य होतात. फलन 1/3 आणि 1 यांच्या मध्ये असल्यामुळे उत्तर 2.09 आणि 6.28 च्या दरम्यान हवं हे आधीच ठाऊक असतं. cos(2π − x) = cos x म्हणून 0 ते π ची दुप्पट घ्यायची; अर्ध्याची किंमत π/√3 येते, पूर्ण उत्तर 2π/√3, म्हणजे 3.63 च्या आसपास.